वायफाय नसलेल्या डेस्कटॉपला मोबाइलचं नेट: केबल, खिडकी आणि एक जुना सेल

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे माझ्या मावशीचं घर आहे. जांभ्याच्या जाड भिंती, वर निम्मी कौलं, निम्मे पत्रे, आणि माजघरात टेबलावर मावसभावाने बेळगावातून जुना घेतलेला डेस्कटॉप. त्यात वायफायचं कार्ड नाही. गावात फायबरचा खांब अजून रस्त्यापर्यंतच आलेला. घरात नेट म्हणजे मोबाइलचंच. मावसभावाला दोन्हीकडचे कागद काढायचे असतात. जमीन थोडी इकडे कर्नाटकात, थोडी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात, म्हणून इकडची पहाणी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, आणि तिकडचा सातबारा. मोबाइलच्या चार बोटांच्या स्क्रीनवर ती पोर्टलं धड दिसत नाहीत, म्हणून डेस्कटॉप.

जुलैत त्याचा फोन आला, "दादा, नेट येतंय खरं टिकत नाही. डोंगल घेऊ काय?"

मी म्हटलं, थांब, येतोय. त्या एका दुपारी यूएसबी टेदरिंगमध्ये, म्हणजे फोनचं नेट केबलने संगणकाला देण्यात, जे जे बिघडू शकतं त्यातलं बहुतेक सगळं एकाच घरात भेटलं. म्हणून तोच प्रसंग धरून लिहितो.

आधी डोंगलचं बोलून टाकतो. यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल वाईट नाही, रोज तासन्‌तास काम असेल तर तोच घ्यावा. पण त्यालाही मोबाइलचा हॉटस्पॉट लागतोच. बऱ्याच स्वस्त डोंगलांचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा लागतो, आणि तो उतरवायला आधी नेट पाहिजे. टेदरिंगला वेगळं यंत्र लागत नाही. अँड्रॉइड फोनच केबलच्या टोकाला बसून संगणकाला सांगतो, 'मी एक नेटवर्क कार्ड आहे.' हे सांगण्याच्या पद्धतीला आरएनडीआयएस म्हणतात. ही मायक्रोसॉफ्टचीच जुनी पद्धत, त्यामुळे तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. नवं विंडोज टाकल्यावर लॅन कार्डसुद्धा चालत नसेल, तेव्हा मी पहिल्यांदा फोनच जोडतो, आणि बाकीचे ड्रायव्हर त्याच्यावरून उतरवतो.

केबल आणि भोक

मावसभावाने चार्जरसोबत आलेली नव्हे, तर कुठल्याशा जत्रेत घेतलेली केबल लावली होती. फोनवर चार्जिंगची वीज दिसत होती, म्हणून त्याला वाटलं जोडणी झाली. खरं तर अशा केबलीत कधीकधी फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात. माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसतच नाही.

हे ओळखायची सोपी रीत अशी. संगणक चालू ठेवून फोन जोडा आणि फोनच्या वरच्या पट्टीत बघा. माहितीची केबल असेल तर 'यूएसबीने चार्ज होतंय, आणखी पर्यायांसाठी दाबा' अशा अर्थाची सूचना येते. संगणकही दोन सुरांचा छोटा आवाज करतो. दोन्ही न होता फक्त चार्जिंग दिसलं, तर सेटिंगच्या मागे लागू नका, आधी केबल बदला. मी पिशवीत एक खात्रीची केबल कायम ठेवतो, कारण निम्म्या घरी दोष तिथेच असतो.

दुसरी गोष्ट, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूची भोकं टाळा. पुढचे पोर्ट आतून लांब वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. ती वायर जुन्या पेटीत सैल झालेली किंवा अर्धवट बसवलेली असते. फोन दर पाच मिनिटांनी जोडला जातो आणि सुटतो, आणि माणूस नेटला दोष देत बसतो. मागच्या बाजूचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पेटी भिंतीला टेकलेली असली तरी एकदाची पुढे ओढा आणि मागेच लावा. आत निळं प्लास्टिक असलेला पोर्ट दिसला तर तो घ्या. वेगासाठी म्हणून नव्हे, जुन्या यूएसबी २ पोर्टचाही वेग मोबाइल नेटला भरपूर होतो. निळा पोर्ट ९०० मिलीअँपिअरपर्यंत वीज देतो आणि जुना ५००, म्हणून फोनच्या बॅटरीसाठी निळा बरा.

फोनमधलं बटण

केबल खात्रीची झाली की फोनमधलं बटण. साध्या अँड्रॉइडवर ते इथे असतं:

```
Settings > Network & internet > Hotspot & tethering > USB tethering
```

सॅमसंगवर ते `Connections` आणि मग `Mobile Hotspot and Tethering` या नावाखाली मिळतं. बाकी कंपन्या आपापल्या मर्जीने नाव बदलतात, म्हणून सेटिंगमधल्या शोधपट्टीत `USB` लिहून बघणं सगळ्यांत सोपं. आमच्याकडे कितीतरी फोनांची भाषा कन्नड असते. मुलं शाळेत कन्नड वाचतात, ती फोन तसा लावतात, आणि मग घरातल्या मराठी माणसाला मेनू वाचता येत नाही. मावशीच्या घरीही तसंच होतं. पण कन्नड मेनूतही `USB` ही तीन अक्षरं इंग्रजीतच असतात. ती शोधा, त्या ओळीचं बटण सरकवा.

बटण फिकट दिसत असेल आणि दाबलंच जात नसेल, तर फोनला अजून संगणक भेटलेला नाही, म्हणजे पुन्हा केबलकडे जा. बटण चालू करण्याआधी फोनचा मोबाइल डेटा चालू आहे ना बघा, आणि हॉटस्पॉट चालू असेल तर बंद करा. हॉटस्पॉट उगीच बॅटरी खातो आणि फोन तापवतो. 'फोनमधल्या फाइली बघू द्यायच्या का' अशी विचारणा आली तर 'नको' म्हणा. टेदरिंगला त्याची गरज नसते.

एक सवय लावून घ्यावी लागते. केबल काढली किंवा संगणक बंद झाला की हे बटण आपोआप बंद होतं. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चार वेळा जाते, म्हणजे दर वेळी बटण पुन्हा चालू करायचं. मावसभाऊ ते विसरायचा आणि 'नेट टिकत नाही' म्हणायचा. त्याच्या तक्रारीचा एक मोठा भाग एवढाच निघाला.

याला उपाय आहे. `About phone` मध्ये `Build number` या ओळीवर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` नावाचा मेनू उघडतो. त्यात `Default USB configuration` शोधा आणि `USB tethering` निवडा. मग फोनचं कुलूप उघडलेलं असताना केबल लावली की टेदरिंग आपोआप चालू होतं. त्या मेनूतलं बाकी काहीही छेडू नका. तिथल्या निम्म्या गोष्टी मलाही कधी लागलेल्या नाहीत.

संगणकाने फोनला ओळखलं का

इथवर आलं की विंडोज १० किंवा ११ मध्ये बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. खाली घड्याळाजवळ तारेच्या नेटचं चिन्ह येतं आणि ब्राउझर चालू होतो. ते आलं नाही तर विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबा आणि हे लिहा:

```
ncpa.cpl
```

नेटवर्क कार्डांची यादी उघडेल. त्यात `Ethernet 2` किंवा तशाच नावाखाली `Remote NDIS based Internet Sharing Device` असं लिहिलेलं दिसलं, तर फोन ओळखला गेलाय. ते नसेल आणि केबल चांगली असेल, तर ड्रायव्हर बसलेला नाही. हे विंडोज ७ असलेल्या जुन्या यंत्रांवर जास्त दिसतं, आणि ती यंत्रं आमच्या भागात अजून बरीच आहेत.

तेव्हा `devmgmt.msc` उघडा. `Other devices` खाली पिवळ्या त्रिकोणासकट `RNDIS` किंवा फोनचं नाव दिसेल. त्यावर उजवी टिचकी मारून `Update driver` घ्या, मग संगणकातच शोधायचा पर्याय घ्या, आणि मग 'यादीतून मला निवडू दे' हा. यादीत `Network adapters`, त्यात डावीकडे `Microsoft`, विंडोज ७ वर `Microsoft Corporation`, आणि उजवीकडे `Remote NDIS based Internet Sharing Device`. 'हा ड्रायव्हर या यंत्राशी जुळेलच असं नाही' असा इशारा येतो, तरी होय म्हणा. पाच सेकंदांत त्रिकोण जातो. 'तुमच्या फोनचा ड्रायव्हर इथे मिळेल' म्हणणाऱ्या कुठल्याही फाइलीची गरज नाही. त्यातल्या बऱ्याच फाइली संगणकात नको ते घेऊन येतात.

लिनक्सवाल्यांना इथे काही करायचं नसतं. उबुंटू, मिंट यांच्यात फोन जोडून बटण चालू केलं की तारेची जोडणी म्हणून तो लगेच दिसतो. आयफोन असेल तर विंडोजवर आधी अॅपलचं आयट्यून्स किंवा अॅपल डिव्हायसेस बसवावं लागतं, आणि फोनवर `Personal Hotspot` चालू करून 'या संगणकावर भरवसा ठेवू का' या प्रश्नाला होय म्हणावं लागतं.

फोन खिडकीत

आता मावशीच्या घरातली खरी गोम. केबल बदलली, बटण चालू झालं, विंडोजने फोन ओळखला, आणि तरी पहाणीचं पान अर्धं उघडून थांबलं. मोबाइल उघडून बघितलं तर कधी एक दांडी, कधी एकही नाही.

दांड्यांवर माझा विश्वास नाही. प्रत्येक कंपनी त्या आपल्या सोयीने दाखवते. त्यापेक्षा फोनमधला आकडा बघावा. `About phone` मध्ये सिमच्या स्थितीची ओळ असते, `SIM status` अशा नावाची, आणि तिथे सिग्नलची ताकद `dBm` या एककात दिलेली असते. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीवर उणे ९० च्या अलीकडे असेल तर उत्तम. उणे १०० च्या आसपास काम निघतं. उणे ११० च्या पलीकडे गेला की पानं अर्धवट उघडायला लागतात, आणि १२० जवळ आलं की नेट म्हणजे नशीब.

माजघरात टेबलावर आकडा आला उणे ११४. जांभ्याची भिंत दीड हात जाड, वर लोखंडी पत्रा, आणि बाहेर धो धो पाऊस. भिंतीही लाटा खातात आणि पत्रा तर त्या परतच लावतो. फोन घेऊन मी ओसरीवर गेलो, तिथे उणे १०१. पूर्वेच्या खिडकीत, जिथून टॉवरची टेकडी दिसते, तिथे उणे ९५.

टेदरिंगचा सगळ्यांत मोठा फायदा मला वाटतो तो इथे आहे, आणि लोक तो वापरतच नाहीत. संगणक जागचा हलत नाही, पण फोन हलतो. केबल लांब घेतली की फोन खिडकीत राहतो आणि संगणक माजघरात. हॉटस्पॉटवर मात्र फोन आणि संगणकाच्या मधे पुन्हा तीच जांभ्याची भिंत येते.

किती लांब? यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच नीट चालते. त्यापलीकडे मधे सिग्नल वाढवणारं उपकरण लागतं, त्याच्या नादी मी लागत नाही. शक्यतो ३ मीटरची एकच केबल घ्या. दोन छोट्या केबली जोडून लांबी केली तर जोड जरा हलला की फोन सुटतो. बेळगावच्या खडेबाजारात लांब केबल सहज मिळते, फक्त ती माहितीची आहे ना ते दुकानातच फोन लावून बघा. दुकानदार कुरकुरला तरी बघाच. माझ्या पिशवीत ३ मीटरची होती. फोन खिडकीच्या गजाजवळ ठेवला, आणि पहाणीचं पान पूर्ण उघडलं.

दोन सिमांचा घोळ

सीमाभागातल्या फोनांत एक गोष्ट हमखास असते, दोन सिम. एक इकडचं, एक कोल्हापूरकडचं, पाहुण्यांसाठी आणि तिकडच्या कागदांसाठी. सातबाऱ्याचा ओटीपी तिकडच्या सिमवर येतो आणि पहाणीचं काम इकडच्या नंबरावर. ओटीपीचा संदेश दुसऱ्या सिमवर येताना नेट तुटत नाही, त्यामुळे त्याची काळजी नको.

कॉल आला तर वेगळं. ज्या सिमवर डेटा चालू आहे त्याच सिमवर कॉल आला आणि व्हीओएलटीई, म्हणजे फोरजीवरूनच बोलायची सोय, चालू असेल, तर बोलत असताना नेट चालू राहतं. दुसऱ्या सिमवर कॉल घेतला की बहुतेक फोनांत पहिल्या सिमचा डेटा कॉल संपेपर्यंत थांबतो. फॉर्म भरताना शेवटच्या पानावर कोल्हापूरहून मामीचा फोन आला आणि मावसभावाचा फॉर्म गेला, ही गोष्ट त्याने मला दोनदा सांगितली. काम चालू असेपर्यंत दुसऱ्या सिमवरचा कॉल नाकारा आणि नंतर फोन लावा. काही फोनांत सिमच्या सेटिंगमध्ये 'कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तो चालू केला तर डेटा दुसऱ्या सिमवर सरकतो, पण त्या सिमवर पॅक असेल तरच.

सीमेवरच्या गावांत फोन कधीकधी पलीकडच्या टॉवरला चिकटतो. इकडच्या सिमला तिकडचा टॉवर मिळाला की ते रोमिंग ठरतं, आणि डेटा रोमिंग बंद असेल तर पूर्ण दांड्या दिसूनही नेट येत नाही. पट्टीवर सिग्नलजवळ `R` अक्षर दिसलं तर हेच कारण समजा. सिमच्या सेटिंगमध्ये `Roaming` चालू करा.

नेट आहे, पण पान उघडत नाही

पहाणी निघाली, पण सातबाऱ्याचं पान उघडताना ब्राउझरने लाल इशारा दिला. `Your connection is not private`, आणि खाली बारीक अक्षरांत `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. मावसभाऊ म्हणाला, "मोबाइलवर तेच पान उघडतंय बघ."

तेव्हा अंदाज लावत बसू नका, काळ्या खिडकीत तीन प्रश्न विचारा. विंडोज आणि R दाबून `cmd` लिहा आणि मग:

```
ipconfig
ping 8.8.8.8
ping google.com
```

पहिल्यात फोनच्या कार्डाखाली `IPv4 Address` बघा. तो `192.168` ने सुरू होत असेल तर बहुतेक फोनांत ठीक आहे, फोनने संगणकाला पत्ता दिलाय. काही फोन दुसऱ्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ताही देतात, त्याचं काही नाही. पण तो `169.254` ने सुरू होत असेल, तर फोनने पत्ता दिलेला नाही, संगणकाने स्वतःच काहीतरी घेतलंय. तेव्हा टेदरिंगचं बटण बंद करून दहा सेकंदांनी चालू करा, तरी तसंच राहिलं तर फोन बंद करून चालू करा.

पत्ता ठीक आहे पण दुसरी आज्ञा उत्तर देत नसेल, तर अडचण फोनच्या पलीकडची आहे. डेटा बंद, पॅक संपलेला, किंवा सिग्नल नाही. फोनवर स्वतः एक पान उघडून बघितलं की कळतं. दुसरी चालते पण तिसरी नाही, तर पानाच्या नावावरून त्याचा पत्ता सापडत नाहीये, आणि तो शोधून देणाऱ्याला डीएनएस म्हणतात. तेव्हा त्या कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन आयपीव्ही४ मध्ये डीएनएस म्हणून `8.8.8.8` लिहा.

मावशीच्या यंत्रावर तिन्ही प्रश्नांची उत्तरं बरोबर आली. म्हणजे टेदरिंगचा दोष नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं, तर तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, त्यावर `CR2032` छापलेलं असतं. वीज गेल्यावर तोच तारीख धरून ठेवतो. यंत्र जुनं झालं की तो मरतो, आणि वीज जाऊन आली की संगणक आपल्या जन्माच्या तारखेला परत जातो. सुरक्षित पानांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. २००९ च्या डोळ्यांनी बघितलं तर ती प्रमाणपत्रं अजून सुरूच झालेली नसतात, म्हणून ब्राउझर नाकारतो. पहाणीच्या पानाला आधी तो त्रास झाला नव्हता, कारण वीज त्यानंतर गेली होती आणि घड्याळ तेव्हा मागे पडलं.

तात्पुरतं म्हणून तारीख हाताने बरोबर केली, आणि पान उघडलं. सेल नंतर बदलला. तो कुठल्याही घड्याळवाल्याकडे किंवा किराणा दुकानात मिळतो. संगणकाची वायर काढून, पेटी उघडून, खाचेतली चिमटी दाबून जुना सेल काढायचा आणि छापील बाजू वर ठेवून नवा बसवायचा. इशाऱ्याचं पान दिसलं की 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लावून घेऊ नका, विशेषतः बँक आणि ओटीपीच्या कामात.

पॅक कुठे गेला

चार वाजता काम संपलं, मी चहा घेत होतो, आणि फोनवर संदेश आला की आजचा डेटा संपला. मावसभाऊ घाबरला, "अजून दोन पानंच उघडलीत!"

विंडोजचं त्यात काही चुकलेलं नव्हतं. केबलने आलेलं नेट विंडोजला तारेचं, म्हणजे मोजमाप नसलेलं वाटतं. हॉटस्पॉटचं नेट काही वेळा मर्यादित म्हणून ओळखलं जातं, केबलचं तसं होत नाही. बरेच महिने बंद असलेला संगणक चालू झाला, त्याला ऐसपैस तार दिसली, आणि पाठीमागे त्याने अपडेट उतरवायला घेतली. रोजच्या दीड जीबीला ती सहज पुरून उरतात.

म्हणून टेदरिंग चालू झाल्या झाल्या सगळ्यांत आधी हे करा. विंडोज १० मध्ये `Settings`, मग `Network & Internet`, मग `Ethernet`, तिथे दिसणाऱ्या जोडणीवर टिचकी, आणि `Set as metered connection` चालू. विंडोज ११ मध्ये ते `Ethernet` च्याच पानावर `Metered connection` नावाने असतं. यामुळे मोठी अपडेट आपोआप उतरणं थांबतं आणि वनड्राइव्हही आपलं काम थांबवतं. शिवाय `Windows Update` च्या पानावर काही दिवस अपडेट थांबवायचं बटण असतं, तेही दाबून ठेवतो मी.

इथे एक खोच आहे. काही फोन दर वेळी टेदरिंगला नवा हार्डवेअर पत्ता घेतात, आणि विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं. मग `Network 2`, `Network 3` असे आकडे वाढत जातात आणि मीटरचं बटण पुन्हा बंद सापडतं. जोडलं की नाव बघा. आकडा वाढला असेल तर बटण पुन्हा चालू करा. अपडेट कायमची बंद करू नका मात्र. महिन्यातून एकदा, फोन कुणाच्या वायफायला जोडलेला असताना ती उतरवून घ्या.

तीही युक्ती सांगतो, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. फोन स्वतः वायफायला जोडलेला असताना टेदरिंग चालू केलं, तर बहुतेक फोन मोबाइलचा डेटा न वापरता तेच वायफायचं नेट केबलने संगणकाला देतात. म्हणजे शेजारी फायबर असेल आणि त्याचं वायफाय तुमच्या खिडकीपर्यंत येत असेल, तर फोन खिडकीत ठेवा, वायफायला जोडा, आणि डेस्कटॉपला केबल. फोनच तुमचं वायफायचं कार्ड झाला. खात्री करायला मोबाइल डेटा बंद करून बघा, पान उघडलं तर वायफायवरूनच येतंय.

बॅटरीचं थोडं. कमजोर सिग्नलमध्ये फोन जोर लावून बोलतो, तापतो, आणि जुन्या पोर्टची वीज त्याला पुरत नाही. दोन तासांच्या कामात मावसभावाचा फोन केबलला जोडलेला असूनही ६० टक्क्यांवरून ५३ वर आला. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. फोन उन्हात ठेवू नका, जाड कव्हर काढून ठेवा. आणि वळवाच्या किंवा गणपतीच्या आधीच्या विजांच्या पावसात कडकडाट सुरू झाला की काम तिथेच थांबवून संगणकाची वायर भिंतीतून काढा. फोन त्या क्षणी केबलने विजेच्या तारेलाच जोडलेला असतो.

मी निघालो तेव्हा मावशीने ती ३ मीटरची केबल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून टाकली होती, टोक खाली लोंबत, फोन ठेवायला एक रिकामा चहाचा डबा. पाऊस तिरका यायला लागला की डबा आत ओढायचा, एवढं तिला सांगून ठेवलंय.